मोगऱ्याचं गाणं आणि राजकन्येची तलवार

"पाश्चात्त्य संगीतकारांवर ओरिएंटलिझमचा, म्हणजे पूर्वेकडच्या संस्कृतींचं ठोकळेबाज चित्र रंगवल्याचा, आरोप करण्याआधी एकच तपासा. त्यांनी घेतलेली धून खरी आहे की मनाने रचलेली? खरी असेल तर तो त्या संस्कृतीचा आदर, बनावट असेल तर थट्टा. इटालियन संगीतकार पुच्चिनीने 'मादाम बटरफ्लाय' आणि 'तुरांदोत' या ऑपेरांमध्ये अस्सल जपानी-चिनी धुना वापरल्या, त्यामुळे त्याच्यावर आक्षेप घ्यायला जागाच नाही."

हा युक्तिवाद मला पटत नाही. आधी अस्सलपणाचंच बघू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. पुच्चिनीने मेहनत घेतली, हे शंभर टक्के खरं. 1902 मध्ये रोममधल्या जपानी राजदूताच्या पत्नी ओयामा हिसाको यांना तो भेटला आणि त्यांच्याकडून जपानी गाणी ऐकली. 'तुरांदोत'च्या वेळी, 1920 मध्ये, चीनमध्ये राहून आलेल्या एका परिचितांच्या घरी त्याने चिनी धुना वाजवणारा म्यूझिक बॉक्स ऐकला. त्यात 'मो ली हुआ' होतं, म्हणजे मोगऱ्याचं फूल. चीनमध्ये घरोघरी माहीत असलेलं हे साधं, गोड गाणं.

पण म्यूझिक बॉक्स म्हणजे नेमकं काय, ते जरा जवळून पाहा. पितळी नळकांड्यावर बारीक खिळे ठोकलेले असतात. नळकांडं फिरलं की खिळे पोलादी फणीचे दात छेडतात, आणि दात ज्या स्वराला कापलेला असेल तोच स्वर वाजतो. दोन स्वरांमधून घसरत जाणं नाही, स्वर हलवणं नाही. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको: पेटीवर मींड येत नाही म्हणून आपल्याकडे किती वाद झाले! गाणाऱ्याच्या गळ्यातून जे येतं त्यातलं निम्मं पुच्चिनीपर्यंत पोहोचण्याआधीच गळून गेलं होतं. त्याच्या हातात उरला तो धुनेचा सांगाडा.

शब्द तर पूर्णच गळाले. 2012 मध्ये संगीत-अभ्यासक अँथनी शेपर्ड यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या एका संग्रहालयातला जुना म्यूझिक बॉक्स तपासला, आणि त्यातल्या एका चिनी धुनेशी खुद्द चो-चो-सानची, म्हणजे बटरफ्लायची, धून जुळते असं दाखवून दिलं. ती धून होती 'शिबा मो', अर्थात 'अठरा स्पर्श'. बाईच्या अंगाला कुठे कुठे हात लावला, याचं वर्णन करणारं ते चावट गाणं आहे. पंधरा वर्षांच्या, लग्नावर जीव टाकणाऱ्या जपानी मुलीची ओळख करून द्यायला चिनी गाणं, आणि तेही असलं! पुच्चिनीला शब्द ठाऊक असण्याचं काही कारण दिसत नाही. खोका शब्द बोलत नाही. त्याने मुद्दाम अपमान केला, असं मी म्हणत नाही. पण धून शंभर नंबरी अस्सल असूनही तिच्यातून आदर आपोआप निघत नाही, हे यातून स्वच्छ दिसतं.

याहून सोपं उदाहरण 'मिया सान' या जपानी गाण्याचं आहे. 1868 च्या यादवी युद्धात सम्राटाच्या बाजूने लढणाऱ्या सैन्याचं हे कूचगीत. 1885 मध्ये लंडनच्या 'द मिकाडो' या विनोदी ऑपेरात ते सम्राटाच्या प्रवेशाला वाजतं. 'बटरफ्लाय'मध्ये त्याचीच चाल श्रीमंत मागणीवाल्या यामादोरीच्या वाट्याला येते. धून एकच, खरीखुरी. एकीकडे हसण्याचा विषय, दुसरीकडे ऐटबाज पाहुण्याची सलामी, आणि मूळ जागी रणगीत. 'धून खरी का?' या प्रश्नाचं उत्तर तिन्हीकडे 'हो' येतं. मग तो प्रश्न आपल्याला काय सांगणार?

दुसरी बाजू बनावटपणाची. इथे तर खरं-खोटं वेगळं करणंच अवघड जातं. फ्रेंच संगीतकार साँ-साँस यांच्या 'सॅमसन आणि डिलायला' (1877) या ऑपेरात तिसऱ्या अंकात गाझातल्या देवळात बेभान नाच होतो. त्याची सुरुवात ओबो या फुंकवाद्याच्या एकट्या आलापासारख्या तुकड्याने होते, आणि त्यातलं दुसऱ्या व तिसऱ्या स्वरांमधलं रुंद अंतर लगेच कानात भरतं. आपल्या भाषेत कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार. हे अंतर अरबी संगीतात आहेच, म्हणजे ते खोटं म्हणता येत नाही. पण हेच अंतर आपण पहाटेच्या भैरवात ऐकतो. तिथे रिषभ हळूहळू आंदोलित होतो, वातावरण गंभीर होतं, देवाचं नाव डोळ्यांसमोर येतं. पॅरिसच्या प्रेक्षकाला तेच स्वर ऐकून मद्य, नाच आणि वासना दिसायला लागली. स्वर तेच, मग अर्थ आला कुठून? ऑपेरामागून ऑपेरा ते त्याच जागी वापरले गेले, आणि ऐकणाऱ्याला सवय लागली. हे संगीत पूर्वेची नक्कल करण्यापेक्षा आधीच्या युरोपीय 'पौर्वात्य' संगीताची जास्त नक्कल करतं, हा अभ्यासक डेरेक स्कॉट यांचा मुद्दा मला यासाठीच पटतो.

उलट बाजूला फ्रेंच संगीतकार डेब्यूसीचं 1903 चं 'पॅगोडा' ठेवा. त्याने 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात जावाचं गॅमेलान, म्हणजे तिथल्या घंटा-झांजांचा वाद्यवृंद, ऐकला होता. या पियानो-रचनेत ओळखता येईल अशी एकही जावानी धून नाही. पण खाली मोठ्या घंटेसारखे लांब, सावकाश स्वर, वर तेच सूत्र दुप्पट-चौपट गतीने फिरणारं, आणि बहुतेक वेळ बोटं पाचच स्वरांवर. गॅमेलानची बांधणीच त्याने कानात साठवली होती. वरच्या निकषाने ही 'बनावट' ठरते, आणि ते मला मुळीच मान्य नाही. (नाव मात्र पॅगोडाचं, आणि पॅगोडा काही जावाची खूण नव्हे. इतकी सूट मी डेब्यूसीलाही देणार नाही.)

मग अभ्यासक निकाल कशावरून देतात? राल्फ लॉक यांनी यासाठी एक उपयोगी भेद केला आहे. फक्त परदेशी वाटणाऱ्या सुरावटी मोजणं ही एक पद्धत. दुसरी पद्धत म्हणजे पूर्ण कृती बघणं: कोण गातंय, कथा त्याला काय करायला लावते, आणि ज्या ठिकाणी परदेशी वाटणारा एकही स्वर नाही तिथे काय घडतंय. या दुसऱ्या पद्धतीने पाहिलं तर 'तुरांदोत'मध्ये मोगऱ्याचं ते कोवळं गाणं मुलांचा समूह गातो आणि ते चिकटतं कोणाला, तर कोडं न सुटलेल्या राजपुत्रांची मुंडकी उडवणाऱ्या राजकन्येला. सौंदर्य आणि क्रौर्य एकत्र बांधलेली पूर्वेकडची स्त्री: हे चित्र धुनेच्या अस्सलपणाने पुसलं जात नाही, उलट त्याला पुराव्याचा शिक्का मिळतो.

हीच पद्धत पुच्चिनीच्या बाजूनेही बोलते, हे दडवायचं कारण नाही. बटरफ्लाय आपल्या नवऱ्याचं जहाज एके दिवशी दिसेल असं गाते, तेव्हा ते पूर्णपणे इटालियन गीत असतं. म्हणजे तिचं दुःख 'जपानी दुःख' म्हणून काचेमागे ठेवलेलं नाही. आणि 17 फेब्रुवारी 1904 ला मिलानमध्ये पहिला प्रयोग सपशेल पडल्यावर पुच्चिनीने ऑपेरा पुन्हा पुन्हा सुधारला. 1906 च्या पॅरिस प्रयोगापर्यंत बटरफ्लायचा अमेरिकन नवरा पिंकर्टन याच्या तोंडची जपानी लोकांची बरीच टिंगल त्याने कापून टाकली. नायिकेकडे बघण्याची नजर त्यातून बदलली. घेतलेल्या धुना मात्र बहुतांशी होत्या तशाच राहिल्या.