पोतं राहू द्या, शंभर दाणे बघा

पुण्यातल्या एका शेती-ॲपवाल्या कंपनीचा मेल आला, तेव्हा मी लातूरच्या घरी अंगणात बसलो होतो. "अभिनंदन! तुम्ही दुसऱ्या फेरीत आहात." आईने लगेच शेजारी साखर वाटली. मग मी मेलला जोडलेली फाइल उघडली. साखर परत मागता येत नाही, हे तेव्हा फार जाणवलं.

फाइलचं नाव होतं "छोटी असाइनमेंट". आत सोयाबीनवर 800 शब्दांचे 10 लेख, 5 व्हिडिओंच्या संहिता आणि शेतकऱ्यांच्या मोबाइलवर रोज एक जाईल असे 30 संदेश. मुदत रविवार रात्र. मोबदल्याच्या जागी लिहिलं होतं, "शिकण्याची उत्तम संधी".

मी कागद घेऊन बसलो. लेखाला 3 तास धरले तर 30, संहितांना 2 तासांप्रमाणे 10, संदेशांना 5. एकूण 45 तास. म्हणजे नोकरी लागायच्या आधीच एक आठवडा नोकरी. त्यात संदेशांवर 1 जून ते 30 जून अशा तारखा टाकलेल्या, आणि प्रत्येक लेख ॲपच्या कोणत्या विभागात जाणार तेही ठरलेलं. परीक्षेच्या पेपरवर छापखान्याची तारीख असते होय? तरी कंपनीच्या मनात खोट असेलच असं नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने ती स्वतः एकदाही सोडवून बघितलेली नसते, एवढंच बहुतेकदा खरं असतं.

पहिला मसुदा रागात लिहिला. त्यात "फुकटचा बैल" हे शब्द होते. तो खोडला. दुसऱ्यात मी आजारी पडलो. पण मग लक्षात आलं, ते म्हणतील, "काही हरकत नाही, बुधवारपर्यंत द्या." म्हणजे ताप मी आणायचा, तो उतरवायचाही मीच, आणि 45 तास तसेच.

अण्णा शेजारी पेरणीआधीची तयारी करत होते. पोत्यातून सोयाबीनचे दाणे काढून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडत होते.

"काय करलालास तोंड पाडून?"

मी सगळं सांगितलं.

"मग सगळं पोतं कशाला ओतून बघलालेत? शंभर दाण्यात कळतंय की," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "पण वरवरचे घेऊ नको. हात आत घालून घे."

हे दुसरं वाक्य मला जास्त उपयोगी पडलं. मी जुने, आधी छापून आलेले दोन लेख पाठवून मोकळा होणार होतो. ते वरवरचे दाणे. त्यांना बघायचं होतं ते त्यांच्या विषयावर मला काय जमतं ते. म्हणून त्यांच्याच यादीतला तिसरा विषय उचलला आणि लिहिलं:

"नमस्कार. दुसऱ्या फेरीसाठी निवडल्याबद्दल आभार. शेतकऱ्याला त्याच्या बोलीत माहिती देण्याचं हे काम मला खरंच करायचं आहे. दिलेल्या असाइनमेंटला माझ्या अंदाजाने 45 तास लागतील. तेवढं काम विनामोबदला करता येणार नाही. त्याऐवजी 'बियाण्याची उगवणक्षमता घरी कशी तपासावी' यावर 300 शब्द आणि त्यावरचेच 2 संदेश शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवतो. हा नमुना फक्त निवडीसाठी वापरावा. पूर्ण काम हवं असल्यास मोबदला ठरवून आनंदाने करेन."

"करता येणार नाही"च्या जागी आधी "जरा अवघड आहे" होतं. पण आमच्याकडे "अवघड आहे" याचा अर्थ "अजून थोडा आग्रह करा" असा होतो. कारणंही तीन दिली होती: मामेबहिणीचं लग्न, लाइटीचा खेळ, पाठदुखी. तिन्ही काढली. कारण दिलं की समोरचा त्या कारणावर औषध सुचवतो. 45 तासांवर कोण काय औषध देणार?

दोन दिवस उत्तर नाही. आई वाटलेल्या साखरेचा हिशेब करत असावी. तिसऱ्या दिवशी मेल आला: "इतर उमेदवार पूर्ण काम देत आहेत, पण चालेल. 500 शब्द कराल का?" मोंढ्यात वाढलेला माणूस मी, 400 वर सौदा पटला.

लेखात लिहिलं: पोत्यातून 100 दाणे घ्या, ओल्या गोणपाटावर मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहा, आठवडाभरात कोंब मोजा. 70 किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायला योग्य. शुक्रवारी पाठवला.

पुढच्या आठवड्यात अण्णांनी गुंडाळी सोडली. 74 उगवले होते. त्याच दुपारी मेल आला, सोमवारी बोलू म्हणून.

"उगवलं का तुझं?" अण्णांनी विचारलं.

"सोमवारी कळेल."

"पाणी मार मग," म्हणत ते दुसऱ्या पोत्याकडे वळले.