नावं नंतर कळवतो!

कंपनीला परिषदेच्या चाळीस जागा हव्यात, आजच, आणि अर्थात सवलतीच्या दरात. नावं? "नंतर कळवतो." मग फॉर्ममध्ये "प्रतिनिधी १", "प्रतिनिधी २"… आणि चाळीसही जणांपुढे एकच ईमेल, एचआरचा! सत्राची वेळ बदलली की चाळीस निरोप त्या एकाच इनबॉक्समध्ये जाऊन पडतात. येणाऱ्या माणसाला पत्ताच नाही.

खरी नावं येतात ती बिल्ले छापून झाल्यावर. मग दर दोन दिवसांनी नवी यादी, अख्खी! कोणाच्या जागी कोण, ते आम्ही नोंदणीवाल्यांनी शोधायचं. बदललेल्या दोन ओळी रंगवून पाठवल्या तर हात झिजतील का?

बरं, आमची सिस्टीमही थोर. नाव बदललं तरी क्यूआर कोड जुनाच राहतो. जुना रद्द करून नवा काढायला हवा, पण रात्री अकराला आलेल्या बदलांसाठी तो कोण काढणार? मग सकाळी नवे साहेब कोड दाखवून आत जातात, आणि मागोमाग वगळलेले साहेबही हजर! त्यांना कोणी कळवलेलंच नसतं. स्कॅनर म्हणतो, "प्रवेश झालेला आहे." ओरडा कोणाला? आम्हाला!

आणि आठवड्याने तक्रार येते: "प्रमाणपत्रावर 'प्रतिनिधी १७' छापलंय, एवढीही काळजी घेत नाही का तुम्ही?"