तिकडचे आठ, इकडचे बारा: मामाच्या मेसेजला उत्तर

"परदेशात मुलं असलेल्या प्रत्येक आईवडिलांनी वाचा! अमेरिकेत बँक 4 टक्के देते, आपल्याकडे 7. म्हणजे तिकडे पैसा ठेवणारा दरवर्षी 3 टक्के घालवतो. हुशार मुलं तर तिकडे 8 टक्क्यांनी लोन काढून इथे पतसंस्थेत 12 टक्क्यांनी ठेवतात, 4 टक्के फुकट नफा! एनआरई खात्यावर टॅक्स शून्य. उरलेल्या पैशात मुलांच्या नावाने शेती घेऊन टाका. पुढे पाठवा."

आई, बाबा,

बाबांनी हा मेसेज मला फोनवर अख्खा वाचून दाखवला आणि वर विचारलं, "काऊन व, हे तुले माहीत नव्हतं का?" फोनवर आकडे नीट सांगता येत नाहीत, त्यात मामा मधेच बोलतो, म्हणून लिहून पाठवते. संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे हातात आलेत आणि बाबा पतसंस्थेत जाऊन व्याजाची चौकशी करून आले, हे आईकडून कळल्यावर मला राहवलं नाही. मामावर राग नाही, त्यालाही कुणीतरी पाठवलाच असेल. पण ज्याने हे लिहिलं त्याने डॉलरचा भाव हा शब्द एकदाही वापरलेला नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

लोनपासून सुरुवात करते, कारण घर बुडवायची ताकद त्यातच आहे. मेसेजवाल्याचेच दर धरू. डॉलरचा भाव मात्र खरा घेऊ. बँकांमधल्या व्यवहारांवरून रोज एक संदर्भ दर जाहीर होतो. आधी तो रिझर्व्ह बँक काढायची, 2018 पासून एफबीआयएल ही संस्था काढते. त्यानुसार 2022 च्या मार्चअखेर डॉलर 75 रुपये 80 पैशांचा होता आणि 2025 च्या मार्चअखेर साधारण 85 रुपये 50 पैशांचा.

समजा 2022 च्या मार्चमध्ये मी इथे अमेरिकेत 10,000 डॉलर 8 टक्क्यांनी काढले आणि तुमच्याकडे पाठवले. तुम्हाला 7 लाख 58 हजार मिळाले. ते पतसंस्थेत 12 टक्क्यांनी तीन वर्षं ठेवले आणि व्याजावर व्याज धरलं, तर 10 लाख 65 हजारांच्या आसपास होतात. इथपर्यंत मामा खूश. आता लोन फेडायला ते परत डॉलर करायचे. साडेपंच्याऐंशीच्या भावाने त्यांचे 12,455 डॉलर येतात. आणि तेवढ्याच तीन वर्षांत 8 टक्क्यांनी लोन झालं 12,597 डॉलर. म्हणजे दरवर्षी 4 टक्के "फुकट नफा" मिळवून शेवटी 142 डॉलर खिशातून घालायचे, साधारण 12 हजार रुपये.

आणि हा हिशेब मी मेसेजच्या बाजूने सैल सोडलाय. खरं लोन तीन वर्षांनी एकरकमी फेडायचं नसतं, पुढच्याच महिन्यापासून हप्ता सुरू होतो. तुमची ठेव तिकडे अडकलेली, हप्ता माझ्या पगारातून. बरेचसे लोनवाले पैसे देतानाच काही टक्के फी कापून घेतात, ती मी धरलीच नाही. शिवाय पैसे पाठवताना आणि परत आणताना बँक जाहीर भावापेक्षा थोडा वाईट भाव लावते, तेही धरलं नाही. माझी नोकरी गेली तर एच-वन-बी व्हिसावर दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. त्या दिवसांत हप्ता थांबत नाही, आणि गावातली ठेव मोडून त्याचे डॉलर इथे पोचायला वेळ लागतो.

बाबा, आता पतसंस्थेचं. वरच्या हिशेबात मी गृहीत धरलंय की 12 टक्के आणि मुद्दल दोन्ही वेळेवर परत मिळालं. तेच गृहीत धरता येत नाही. बँक बुडाली तर ठेवीदाराला व्याजासह 5 लाखांपर्यंत विमा मिळतो, 4 फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा आहे. तो विमा ज्या महामंडळाचा आहे त्यात राष्ट्रीयीकृत, खाजगी आणि सहकारी बँका येतात. पतसंस्था येत नाहीत, मल्टिस्टेट सोसायट्याही येत नाहीत. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली असते आणि मल्टिस्टेट केंद्राच्या निबंधकाखाली. तिजोरीच्या खोलीवर, काउंटरवर किंवा मॅनेजरच्या बोलण्यात फरक कळत नाही. पावतीवर कळतो. पावतीवर छापील नाव नीट वाचा. त्यात "बँक" हा शब्द नसेल आणि "पतसंस्था", "सोसायटी" किंवा "मल्टिस्टेट" असेल, तर 5 लाखांचा तो विमा नाही. शेजारच्या बँकेपेक्षा चार-पाच टक्के जास्त व्याज कुणी उगाच देत नाही. ज्यांना बँकेने कर्ज नाकारलं त्यांना कर्ज देऊनच ते व्याज उभं राहतं, आणि कापूस-संत्र्याचं साल बिघडलं की पहिली थकबाकी तिथेच साठते. सगळ्या पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाही, गावच्या अडीअडचणीला त्याच उभ्या राहिल्यात. पण आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवायची नाही, एवढं ऐका.

उरला तो 4 आणि 7 चा मुद्दा, लोनशिवाय. हा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो पटतो. इथलं व्याज कमी आणि तिथलं जास्त असण्याला कारण आहे. तिथे महागाई जास्त असते. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्टच 4 टक्क्यांचं आहे, इथल्या मध्यवर्ती बँकेचं 2 टक्क्यांचं. जिथे भाव जास्त वेगाने वाढतात तिथलं चलन वर्षानुवर्षं थोडं थोडं उतरत जातं. व्याजातला फरक त्या उतरण्याची भरपाई असते, बक्षीस नसतं.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका. तालुक्याच्या स्टेट बँकेत गेलात की विचारा, "एनआरई एफडीला किती आणि एफसीएनआरला किती?" एनआरई म्हणजे माझे डॉलर रुपये करून ठेवलेली ठेव. एफसीएनआर म्हणजे त्याच बँकेत, पण डॉलर डॉलरच राहतात आणि व्याजही डॉलरमध्येच मिळतं. तुम्हाला दिसेल की तीच बँक रुपयांवर जास्त देते आणि डॉलरवर कमी. बँक तीच, ठेवीदार तोच. तरी फरक आहे, कारण एकीत भावाची जोखीम माझी आणि दुसरीत नाही. रुपयांच्या ठेवीचा पुढचा डॉलरभाव आजच ठरवून घ्यायला गेलं, तर त्या ठरवलेल्या भावातच तो फरक जवळजवळ सगळा कापला जातो.

म्हणून 4 आणि 7 ची तुलना करताना एकच आकडा काढायचा. तीन वर्षांत डॉलर किती वाढला तर दोन्हीकडे सारखंच पडेल? तो येतो सुमारे 9 टक्के. डॉलर त्याहून कमी वाढला तर तिथली ठेव जिंकली, जास्त वाढला तर इथली. 2022 ते 2025 मध्ये तो जवळपास 13 टक्के वाढला, म्हणजे रुपयांची ठेव हरली. पण 2014 च्या मार्चअखेर तो 60 रुपये 10 पैसे होता आणि 2017 च्या मार्चअखेर 64 रुपये 80 पैसे, आठ टक्क्यांच्याही आत. 2014 मध्ये तर आपल्याकडे एफडीवर नऊच्या आसपास व्याज होतं आणि इथे जवळपास काहीच नव्हतं. तेव्हा ज्यांनी पैसा भारतात ठेवला ते खरंच फायद्यात राहिले. हे मान्य करावं लागतं. फक्त पुढची तीन वर्षं पहिल्यासारखी जातील की दुसऱ्यासारखी, हे मेसेज लिहिणाऱ्यालाही माहीत नाही. डिसेंबर 2025 मध्ये डॉलर पहिल्यांदा 90 च्या पुढे गेला, म्हणून तो असाच चढत राहील असंही मी म्हणणार नाही.

"टॅक्स शून्य" बद्दल थोडक्यात. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे, बरोबर. पण मी इथली करदाती आहे, जगात कुठेही मिळालेलं व्याज मला इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. भारतातल्या माझ्या खात्यांमध्ये मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेले, तर त्याची वेगळी माहिती सरकारला द्यावी लागते, आणि विसरलं तर दंड मोठा आहे.

शेतीचं तर सरळच चुकीचं आहे. एनआरआयला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, फेमा कायद्यात मनाई आहे. वारसाने आली तर ठेवता येते. माझ्या नावावर सातबारा करायचा विषयच नको, त्यासाठी कुणी एजंट आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. बाबांच्या नावावर घेता येईल, आणि त्यासाठी मी पैसे पाठवले तर ते मुलीने आईवडिलांना दिलेली भेट, त्यावर तुम्हाला कर नाही. शेजारचे दोन एकर घ्यायचे असतील तर प्रश्न व्याजाचा नाही, पाण्याचा आहे. आपल्या भागात पाणी किती खाली गेलंय हे बाबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये, त्या बोअरला किती वेळ मोटर चालते ते स्वतः उभं राहून बघा. तोपर्यंत बयाणा देऊ नका.

मी ठरवलंय ते असं. जो पैसा रुपयातच खर्च होणार आहे तो रुपयातच राहील. तुमचं औषधपाणी, घराचं छत, ठिबक, हे सगळं त्यात आलं, आणि त्यासाठी डॉलर चढायची वाट मी बघणार नाही. माझं सहा महिन्यांचं भाडं आणि खर्च डॉलरमध्ये इथेच राहील, ते कुठल्याही व्याजासाठी हलवणार नाही. आणि लोन काढून पाठवणं नाहीच.

तुमच्यासाठी पाठवते ते पैसे आणि बहाराचे पैसे पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. तुम्ही दोघंही साठीच्या वर आहात, मला तिथे खातं उघडता येत नाही. एप्रिल 2023 पासून तिथे 8.2 टक्के आहेत, खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं तसाच राहतो, व्याज दर तीन महिन्यांनी हातात येतं आणि मागे सरकार आहे. एका माणसाला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. मधेच मोडली तर कापतात, पहिल्या वर्षात मोडली तर व्याजच मिळत नाही. म्हणून पेरणीला लागणारे आणि अडीनडीचे पैसे आधी बाजूला काढून बँकेच्या बचत खात्यात ठेवा, मग उरलेले तिकडे. पतसंस्थेत फॉर्म भरून आला असाल तर चेक देऊ नका, आणि चेक देऊन झाला असेल तर पावतीचा फोटो आजच मला पाठवा.

तुमची,
मोठी