घसा आवळतो तेव्हा श्वासनलिका बंद होत नसते

"पॅनिक अटॅकमध्ये घसा आवळतो म्हणजे श्वासनलिका बंद होत असते. शरीरातला ऑक्सिजन झपाट्याने कमी होतो. ताबडतोब तोंड उघडून जोरजोरात खोल श्वास घ्या, नाहीतर कागदी पिशवीत श्वास घ्या. सगळ्यांना पाठवा!"

हा मेसेज मला एका पेशंटनेच दाखवला. माझा दवाखाना नवी पेठेत आहे, आजूबाजूला अभ्यासिकाच अभ्यासिका. पूर्वपरीक्षा जवळ आली की अशी मुलं येतातच. हा रात्री नऊला मित्राच्या गाडीवर मागे बसून आला, हात गळ्याशी. म्हणाला, "डॉक्टर, घसा पूर्ण बंद झालाय, श्वासच आत जात नाहीये."

हे अख्खं वाक्य तो न अडखळता बोलला. श्वासनलिका खरंच बंद होत असती तर दोन-तीन शब्दांपुढे जाता आलं नसतं, आणि श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा किंवा घरघरता आवाज आला असता. तसं काहीच नव्हतं. जे आवळतं ते बहुतेक वेळा हवेच्या वाटेवर नसतं. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेच्या मागच्या बाजूला अन्ननलिकेचं तोंड असतं. त्याभोवतीची स्नायूंची कडी एरवीही मिटलेली असते आणि घास उतरताना क्षणभर सैल होते. भीतीने ती आणि मानेचे स्नायू ताठरतात, आणि घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं. गोळा आहे का हे बघायला माणूस पुन्हापुन्हा कोरडा आवंढा गिळतो, त्याने तो जास्तच जाणवतो. गंमत म्हणजे बिस्किट किंवा कोमट पाण्याचा लहान घोट मात्र बहुधा सहज उतरतो.

ऑक्सिजनचं म्हणाल तर त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९९. श्वास मात्र मिनिटाला २८, निवांत बसलेल्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट. इतक्या वेगाने श्वास घेतला की ऑक्सिजन वाढायला जागाच नसते, पण कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो. त्यामुळे रक्ताची आम्लता घटते, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसून डोकं हलकं होतं. या सगळ्याने माणूस आणखी घाबरतो आणि आणखी जोरात श्वास घेतो. म्हणजे मेसेजमधला उपाय आगीत तेल ओततो. शिवाय तोंडाने श्वास घेतल्यामुळे घसा कोरडा पडतो, की पुन्हा तोच आवंढा.

म्हणून श्वास खोल नको, हळू हवा. त्याला भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघायला लावलं. नाकाने चार सेकंद आत, छाती न फुगवता. मग सहा सेकंद बाहेर, ओठ मिटून बारीक "म्‌ऽऽ" करत. एका श्वासाला दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. भ्रामरी येणाऱ्यांना हे लगेच जमतं, गुणगुणल्यामुळे उच्छ्वास आपोआप लांबतो.

पहिली दोन मिनिटं अवघड गेली. हवा कमी पडतेय असं वाटून तो मधेच मोठा उसासा टाकायचा, आणि साठू लागलेला कार्बन डायऑक्साइड त्या एका उसाशात निघून जायचा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. मग तीन आत, चार बाहेर एवढ्यावर आणलं आणि जमल्यावर वाढवलं. पाचेक मिनिटांनी बोटांतल्या मुंग्या गेल्या.

कागदी पिशवीचा सल्ला जुना आहे, आता देत नाहीत. समोर दिसतंय ते पॅनिक नसून दमा किंवा हार्ट अटॅक असेल तर पिशवीतल्या श्वासाने ऑक्सिजन खरोखरच घटतो.

तसंच घसा आवळण्याबरोबर ओठ-जीभ सुजणं, अंगावर गांधी उठणं, लाळही न गिळता येणं, श्वास घेताना आवाज येणं किंवा ऑक्सिमीटरवर ९४ पेक्षा कमी आकडा, यातलं काहीही असेल तर सेकंद मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. नवं औषध, शेंगदाणे किंवा मधमाशीचा डंख यानंतर असं झालं असेल तर अजिबात थांबू नका. छातीत दुखत असेल किंवा हे आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल, तर हे पॅनिकच आहे असं घरच्या घरी ठरवू नये, ईसीजी काढून घ्यावा. त्याचाही काढला, व्यवस्थित होता. घास गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा आवाज तीन आठवडे बसलेला असेल तर ते कान-नाक-घसा तज्ज्ञाचं काम.

जाताना त्याला दोन मारी बिस्किटं दिली, ती त्याने दारातच खाल्ली. गोळा मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थोडा जाणवत होता, असं त्याने फोन करून सांगितलं. ताठरलेले स्नायू श्वासाइतक्या लवकर सैल होत नाहीत.