डाळमिल कागदावरची

भाच्याला औशाजवळ मिनी डाळमिल टाकायची आहे. मामा मराठीचे मास्तर, म्हणून त्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आला. शुद्धलेखन ठीकच होतं. गोची निघाली ती आकड्यांत.

अहवाल कुणाच्या तरी पापड उद्योगाचा आणून त्यात ‘पापड’च्या जागी ‘डाळ’ घातलेली. त्यामुळे पान तीनवर ‘डाळ लाटणाऱ्या दोन महिला’ कामाला होत्या. मजकुरात मजूर चार आणि पगाराच्या तक्त्यात सहा, याचा उलगडा तिथंच झाला. कर्ज 8 लाखांचं, गट मात्र ‘किशोर’. मुद्रा योजनेत किशोर 5 लाखांवर संपतो आणि तिथून 10 लाखांपर्यंत तरुण, हे सांगितल्यावर भाचा लाजला. त्याला ते वयावर असतं असं वाटलं होतं.

पान दोनवर ‘मार्जिन 20 टक्के’, पान सातवर ‘मार्जिन 30 टक्के’. पहिलं म्हणजे स्वतः घालायचे पैसे, दुसरं नफा. बँकेत मार्जिन म्हटलं की पहिलंच धरतात. तिथं ‘स्वतःचा हिस्सा’ आणि ‘नफा’ असं सगळीकडे घालून घेतलं.

खरी गंमत विक्रीच्या तक्त्यात होती. रोज 10 क्विंटल तूर, वर्षाला 300 दिवस, म्हणजे 3,000 क्विंटल. विक्रीतही डाळ 3,000 क्विंटल! टरफल, चुनी, कणी सगळी डाळच झालेली. त्याच्याच मजकुरात ‘उतारा 72 टक्के’ लिहिलं होतं, म्हणजे 2,160 क्विंटल. तूर 7,000 आणि डाळ 10,000 रुपये धरली, तर त्याच्या हिशोबात खर्च जायच्या आधी 90 लाख उरत होते. असं वाचून मॅनेजर कर्ज देण्याऐवजी नोकरी सोडून डाळमिल टाकेल. उतारा लावला की 90 चे 6 लाख होतात, वर चुनीचे जे येतील ते. वीज, मजुरी आणि हप्ता त्यातूनच.

“मामा, वाक्यच बदला की! आकडे कशाला हलवताव?”

त्याचंही बरोबर होतं. एक आकडा हलला की नफा हलतो, नफ्यामागे हप्ता फेडायची ऐपत हलते, सगळी पानं परत बघावी लागतात. पण उतारा वाक्यावर ठरत नाही.

मग मजकुरात सापडलं, ‘हंगामात तूर साठवून वर्षभर भरडणार’. खेळतं भांडवल 2 लाख. म्हणजे 28 क्विंटलची तूर, तीन दिवसही पुरायची नाही.

“मग चौथ्या दिवशी काय करायचं?”

“शेतकऱ्याची तूर, आपली भरडाई. तूर विकत घ्यायचीच नाही.”

“म्हणजे विक्रीचा तक्ताच जाणार?”

“आख्खा.”

त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “आणि लाटणाऱ्या बायका तरी राहू द्यायच्या का?”