भरीव गोल, 3/5 आणि 2/5: एका प्रतिक्रियेला उत्तर

> "मॅडम, भरीव गोलाचं जडत्व आघूर्ण चकत्यांच्या पद्धतीने चार ओळींत निघतं. त्यासाठी गोलीय निर्देशक आणि तिहेरी इंटिग्रल आणून तुम्ही सोपा विषय उगाच जड केलाय. ते sin³θ मध्येच कुठून उगवलं तेही कळलं नाही. मी तुमच्याच पद्धतीने r² घेऊन करून पाहिलं तर 3/5 MR² आलं. मग ही पद्धत बरोबर कशी?"

नमस्कार. तुम्ही कागद घेऊन गणित करून पाहिलंत आणि आलेला आकडा लिहिलात, त्यामुळे उत्तर नेमकं देता येईल. सुरुवात तुमच्या 3/5 पासूनच करते, कारण बाकीच्या दोन्ही शंकांची किल्ली त्यातच आहे.

तुमचं 3/5 MR² हे एका वेगळ्या प्रश्नाचं अचूक उत्तर आहे. गोलातल्या प्रत्येक कणाचं वस्तुमान आणि त्याच्या *केंद्रापासूनच्या* अंतराचा वर्ग यांचा गुणाकार करून सगळ्यांची बेरीज केली, की 3/5 MR² येतं. आपल्याला मात्र अंतर हवंय ते *व्यासापासूनचं*, म्हणजे ज्या अक्षाभोवती गोल फिरतोय त्या रेषेपासूनचं लंब अंतर. ध्रुवापाशी बसलेला कण केंद्रापासून पूर्ण R इतका लांब असतो, पण अक्षापासून त्याचं अंतर जवळजवळ शून्य असतं. गोल फिरवताना तो कण काहीच अडवत नाही. r² घेतलं की अशा सगळ्या कणांना नको तितकं वजन मिळतं, म्हणून उत्तर फुगतं.

आता sin³θ. अक्ष z धरू, आणि θ हा कोन त्या अक्षापासून मोजू. कण केंद्रापासून r अंतरावर असेल तर अक्षापासून त्याचं लंब अंतर r sinθ. त्याचा वर्ग r² sin²θ. म्हणजे दोन sinθ इथे आले. तिसरा येतो आकारमानाच्या तुकड्यातून. हा तुकडा इतका लहान असतो की त्याला एक छोटी पेटी मानता येते. तिची एक बाजू dr, दुसरी r dθ, आणि तिसरी, अक्षाभोवती फिरणारी बाजू, r sinθ dφ. तिसऱ्या बाजूत sinθ का, हे पृथ्वीगोलावर बोट ठेवून बघा. विषुववृत्तावर एक अंश रेखांश ओलांडायला साधारण 111 किलोमीटर जावं लागतं. मुंबईच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे 19 अंश उत्तरेला, तेच अंतर 105 किलोमीटर होतं. 60 अंशांवर ते निम्मं होतं आणि ध्रुवावर संपतंच. हे गुणोत्तर अगदी sinθ चंच आहे, कारण त्या अक्षांशाचं वर्तुळ अक्षापासून r sinθ इतकंच लांब आहे. तर एक sinθ पेटीच्या रुंदीचा, दोन अंतराच्या वर्गाचे, मिळून sin³θ.

```
I = ρ ∫₀ᴿ r⁴ dr · ∫₀^π sin³θ dθ · ∫₀^2π dφ
  = ρ · (R⁵/5) · (4/3) · 2π
  = 8πρR⁵/15
```

मधला 4/3 काढताना अनेकांची गाडी अडते, म्हणून तेवढं उलगडते. sin³θ म्हणजे (1 − cos²θ) sinθ. u = cosθ घेतलं की sinθ dθ हे −du होतं. मर्यादा 1 ते −1 होतात, आणि उणे चिन्ह त्या उलटवून −1 ते 1 करतं. उरतं ∫(1 − u²) du = 2 − 2/3 = 4/3. मग ρ = 3M/4πR³ घातलं की I = 2/5 MR².

तुमच्या कागदावर sin²θ नव्हतं, म्हणून मधल्या इंटिग्रलचं उत्तर 4/3 ऐवजी 2 आलं. तुमचं उत्तर आणि योग्य उत्तर यांत फरक फक्त 2/3 या गुणकाचा आहे: 3/5 × 2/3 = 2/5. हा 2/3 कॅल्क्युलसशिवायही मिळतो. गोल सगळ्या बाजूंनी सारखा, म्हणून x², y² आणि z² यांच्या वस्तुमानासहित बेरजा एकसारख्या येतात. केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गात हे तिन्ही असतात, z-अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गात फक्त x² आणि y². तीनातले दोन, म्हणजेच 2/3. पोकळ गोलाचं (पातळ कवचाचं) आघूर्ण 2/3 MR² असतं, तेही याच कारणाने: तिथे सगळे कण केंद्रापासून R वरच असतात.

इथे आणखी दोन चुका वारंवार होतात, त्या ओळखायच्या कशा तेही सांगते. पहिली, पेटीच्या रुंदीतला sinθ विसरणे. तेव्हा उत्तर (3π/20) MR², म्हणजे सुमारे 0.47 MR² येतं. भरीव, एकसमान गोलाच्या उत्तरात π शिल्लक राहिला की तिथेच थांबायचं. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे आघूर्णाला हात घालण्याआधी त्याच पेटीने नुसतं आकारमान काढून बघायचं. ते 4πR³/3 आलं नाही, तर पेटी चुकली. दुसरी चूक मर्यादांची. θ आणि φ दोन्ही 0 ते 2π घेतले, तर sin³θ चा धन भाग आणि ऋण भाग एकमेकांना खातात आणि आघूर्ण शून्य येतं. गोल ध्रुवापासून ध्रुवापर्यंत जायला θ ला π पुरतो, पूर्ण फेरी φ मारतो. काही गणिताच्या पुस्तकांत θ आणि φ ची नावं अदलाबदल केलेली असतात, त्यामुळे मर्यादा लिहिण्याआधी कोणता कोन अक्षापासून मोजलाय ते बघून घ्या.

आता चकत्यांबद्दल. एकसमान घनतेच्या गोलासाठी तुमचं म्हणणं मला मान्य आहे. z उंचीवरच्या चकतीची त्रिज्या √(R² − z²), तिचं आघूर्ण ½ dm (R² − z²), आणि ½πρ∫(R² − z²)² dz हे −R ते R काढलं की तेच 8πρR⁵/15 येतं. परीक्षेत हेच लिहा, वेळ वाचेल. पण s त्रिज्येच्या चकतीचं ½ ms² हे सूत्र ती चकती सगळीकडे सारख्या घनतेची असेल तरच चालतं. निसर्गातले मोठे गोल तसे नसतात. त्यांची घनता केंद्राकडे वाढत जाते. अशा गोलाची आडवी चकती कापली, की तिच्या मध्यापासून कडेपर्यंत घनता बदलत जाते आणि ½ ms² निकामी होतं.

एक उदाहरण करू. समजा घनता ρ₀(1 − r/R) आहे, म्हणजे केंद्रात ρ₀ आणि पृष्ठभागावर शून्य. चकत्यांनी गेलात तर, अक्षापासूनचं अंतर s धरून, प्रत्येक चकतीत s³√(s² + z²) असलं इंटिग्रल आधी सोडवावं लागेल, आणि मग z वर पुन्हा. गोलीय निर्देशकांत घनता फक्त r वर अवलंबून असल्याने कोनांचा भाग हलत नाही. तो 8π/3 च राहतो:

```
M = 4π ∫ρ r² dr     = 4πρ₀R³ (1/3 − 1/4)     = πρ₀R³/3
I = (8π/3) ∫ρ r⁴ dr = (8π/3)ρ₀R⁵ (1/5 − 1/6) = 4πρ₀R⁵/45
```

भागाकार केला की I = (4/15) MR², म्हणजे साधारण 0.267 MR². वस्तुमान आत सरकलं तसा गुणक 0.4 वरून खाली आला. एवढ्यासाठी मी ती लांबची वाट घेतली होती. तिहेरी इंटिग्रल दिसायला भीतिदायक असलं तरी त्यातली दोन एकदाच सोडवायची असतात, मग घनता r प्रमाणे कशीही बदलो.

हा गुणक पृथ्वीसाठी मोजलेला आहे: 0.3307. पृथ्वी आतून बाहेरून एकसारखी असती तर तो 0.4 असता. त्यामुळे जड द्रव्य आत आहे हे एवढ्या एका आकड्यावरूनच कळतं. एमिल वीखर्ट या जर्मन भूभौतिकशास्त्रज्ञाने 1897 मध्ये लोखंडी गाभा आणि त्याभोवती दगडी आवरण अशी दोन थरांची पृथ्वी मांडली होती. आपणही तसंच ढोबळ गणित करून बघू. पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर, गाभ्याची 3480, सरासरी घनता 5.51 ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर. गाभ्याची सरासरी घनता 11 धरू.

त्रिज्यांचं गुणोत्तर 0.546. त्याचा घन 0.163, म्हणजे आकारमानाचा जेमतेम सहावा भाग गाभ्याकडे. एकूण सरासरी 5.51 जुळायची तर आवरणाची घनता 4.44 यावी लागते. आता r⁴ चं इंटिग्रल दोन तुकड्यांत घ्या. गाभ्याचा वाटा गुणोत्तराच्या पाचव्या घाताने येतो, आणि तो घात फक्त 0.0486 आहे:

```
I/MR² = 0.4 × [4.44 + (11 − 4.44) × 0.0486] / 5.51 ≈ 0.345
```

मोजलेल्या 0.3307 च्या बरेच जवळ, पण थोडं जास्त. का, तेही याच गणितातून दिसतं. आपण दोन्ही थर आतून एकसमान धरले. प्रत्यक्षात वरच्या दाबामुळे आवरणातही खोल जाऊ तशी घनता वाढते आणि गाभ्यातही. वस्तुमान आणखी आत सरकतं आणि गुणक आणखी उतरतो. चंद्राचा गुणक मात्र सुमारे 0.393 आहे, 0.4 ला अगदी चिकटून. त्याचा धातूचा गाभा लहान असणार, हे त्यावरून समजतं.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. 8π/3 बाहेर काढता आलं ते घनता फक्त r वर अवलंबून होती म्हणून. ती θ प्रमाणेही बदलत असेल, किंवा गोल ध्रुवांशी चपटा असेल, तर 2/3 चा नियम मोडतो आणि ध्रुवीय अक्षाभोवतीचं आघूर्ण C विषुववृत्तीय व्यासाभोवतीच्या A पेक्षा वेगळं येतं. पृथ्वी किंचित चपटी आहे, तिच्यासाठी (C − A)/C सुमारे 1/305 आहे. हा आकडा पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीवरून मिळतो, कारण सूर्य-चंद्र विषुववृत्ताच्या फुगवट्याला ओढतात आणि अक्ष सुमारे 26,000 वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. उपग्रहांच्या कक्षांवरून (C − A)/MR² वेगळं मोजता येतं, ते 0.0010826. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की (C − A) निघून जातं आणि C/MR² उरतं: 0.0010826 × 305.5 ≈ 0.3307.