अंधार पाडायलाही दिवेच लागतात

"फिल्म न्वारचं उगाच कौतुक चाललंय. १) तेव्हा स्टुडिओंकडे पैसे नव्हते, दिवे कमी होते, म्हणून अंधारात शूटिंग करायचे, त्यालाच पुढे शैली म्हणायला लागले. २) गोष्ट चित्रांतून सांगता येत नाही म्हणून मागून आवाज टाकायचा. ३) खुनी माणसाला हीरो करून गुन्ह्याचं उदात्तीकरण. ४) आज मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर मारा, झालं न्वार!"

न्वार म्हणजे १९४०-५० च्या दशकांतले हॉलिवूडचे गडद सावल्यांचे गुन्हेपट. त्यांच्यावरचा हा मेसेज गेले कित्येक दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होते. पण परवा तो माझ्या भाचीच्या कॉलेजच्या ग्रुपवर पोचला. तिथली पाच-सहा मुलं मिळून एका विम्याच्या एजंटवर छोटी फिल्म करतायत आणि त्यांना ती न्वार ढंगात हवी आहे. भाचीचा फोन आला, "मावशी, मग दिवे भाड्याने आणायची गरजच नाही ना? अंधारच तर हवाय." शिकायला निघालेल्या मुलांच्या हातातून नेमकी शिकण्याची गोष्टच हा मेसेज काढून घेतोय, म्हणून लिहायला बसले.

न्वारचे शेकडो चित्रपट आहेत. मी एकच धरते: १९४४ चा 'डबल इंडेम्निटी'. दिग्दर्शक बिली वाइल्डर, छायाचित्रण जॉन साइट्झ. नव्याने बघणाऱ्याने सुरुवात करावी तर इथूनच, कारण सावल्या, मागचा आवाज आणि डागाळलेला नायक हे तिन्ही त्यात स्वच्छ दिसतात. कथा थोडक्यात अशी: वॉल्टर नेफ हा लॉस एंजेलिसमधला विमा विक्रेता. फिलिस या विवाहित बाईच्या नादी लागून तो तिच्या नवऱ्याचा खून करतो आणि अपघाती मृत्यूच्या विम्याची दुप्पट रक्कम लाटायचा बेत आखतो.

आता पहिला मुद्दा, सगळ्यांत चुकीचा. हा चित्रपट पॅरामाउंटचा आहे. फ्रेड मॅकमरी, बार्बरा स्टॅनविक आणि एडवर्ड जी. रॉबिन्सन ही त्यातली मंडळी तेव्हाची आघाडीची आणि महागडी. चित्रपटाला ऑस्करची सात नामांकनं होती आणि त्यांतलं एक छायाचित्रणाचं होतं. दिवे परवडत नाहीत अशा कंपनीचं हे काम नव्हे.

पण पैशाचं सोडा, प्रकाशाचा हिशेब बघा. त्या वेळची फिल्म आजच्या कॅमेऱ्याच्या मानाने फारच मंद होती, तिला भरपूर प्रकाश लागायचा. दिवे नुसते कमी केले तर पडद्यावर काळा रंग येत नाही, सगळं मिळून एक राखाडी, पिठूळ चित्र येतं. खरा काळा रंग दिसायला शेजारी तितकंच लख्ख पांढरं लागतं. नेहमीच्या पद्धतीत चेहऱ्यावर एका बाजूने मुख्य दिवा असतो, त्याला की लाइट म्हणतात. त्याने पडलेली सावली हलकी करायला दुसऱ्या बाजूने सौम्य दिवा लावतात, तो फिल लाइट, म्हणजे भरणीचा दिवा. तिसरा मागून, केस आणि खांदे भिंतीपासून सुटे दिसावेत म्हणून. न्वारच्या छायाचित्रकारांनी मुख्य दिवा तसाच कडक ठेवला आणि भरणीचा दिवा पार खाली आणला किंवा बंदच केला. चेहऱ्याच्या एका बाजूला जितका प्रकाश, त्याच्या आठवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी दुसऱ्या बाजूला. शिवाय मुख्य दिवा नेहमीच्या जागेवरून हलवला: कधी खालून, कधी अगदी बाजूने. हे दिव्यांचं दारिद्र्य नाही, प्रत्येक दिव्याची जागा ठरवून केलेलं काम आहे.

जेनी प्लेस आणि लोवेल पीटरसन यांनी १९७४ मध्ये 'फिल्म कॉमेंट' या मासिकात न्वारच्या दृश्यशैलीवर एक लेख लिहिला. या विषयावर एकच गोष्ट वाचायची असेल तर हीच वाचा. त्यातला एक मुद्दा या मेसेजच्या मुळावरच घाव घालतो. रात्रीचं दृश्य तेव्हा स्वस्तात घ्यायची रूढ रीत म्हणजे ते दिवसाच चित्रित करायचं आणि फिल्टर व कमी एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर कमी प्रकाश, वापरून रात्र भासवायची. त्यात आकाश राखाडी दिसतं. खरोखर रात्री चित्रण करायचं तर चौकटीत जिथे जिथे उजेड हवा तिथे तिथे दिवा नेऊन ठेवावा लागतो. ते खर्चिक आणि वेळखाऊ, पण आकाश काळंकुट्ट येतं. आणि हे दोघं स्पष्ट लिहितात की जवळपास प्रत्येक न्वार चित्रपटाने, अगदी स्वस्तातल्या बी-चित्रपटांनीसुद्धा, रात्रीचं चित्रण रात्रीच केलं. पैसे वाचवायचे असते तर त्यांनी नेमकं उलट केलं असतं.

यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करते. युद्धकाळात अमेरिकी सरकारने एका चित्रपटाच्या सेटसाठी लागणाऱ्या नव्या सामानावर पाच हजार डॉलरची मर्यादा घातली होती, आणि छोट्या कंपन्यांनी अर्धवट सेट धुक्यात नि काळोखात लपवले, हे खरं. १९४५ चा 'डीटूर' बघा, त्यात रस्ता दिसू नये इतकं धुकं आहे. पण टंचाईने एखाद्याला ढकललं म्हणून पुढचं सगळं टंचाईनेच घडलं, असं होत नाही. ज्यांच्याकडे सगळं होतं त्यांनीही तेच निवडलं.

आणि निवडलं म्हणजे किती बारकाईने? नेफ पहिल्यांदा फिलिसच्या घरी जातो तो प्रसंग. भर दुपार आहे, बाहेर कॅलिफोर्नियाचं रणरणतं ऊन. बैठकीच्या खोलीत पट्ट्यांचे पडदे, व्हेनेशियन ब्लाइंड्स, ओढलेले आहेत आणि त्यांच्या फटींतून उन्हाच्या तिरक्या रेघा आत आल्या आहेत. त्या रेघांत धूळ तरंगताना दिसते आणि नेफ आपल्या कथनात त्या धुळीचा उल्लेखही करतो. खरी धूळ कॅमेऱ्यात पुरेशी उठून दिसत नाही, म्हणून साइट्झने हवेत ॲल्युमिनियमची बारीक पूड उडवली. श्रीमंत घर, पण कोंदट, न उघडलेलं. हे एका वाक्यानेही न सांगता कळतं. पुढे शेवटच्या भेटीत त्याच खोलीतले दिवे फिलिस स्वतः मालवते. खोली तीच, पण दुपारचं ऊन गेलेलं, आणि आता ती दोघं एकमेकांचा जीव घेण्याच्या बेताने तिथे आहेत. सगळा अंधारच हवा असता तर पहिली भेट उन्हात कशाला ठेवली असती? या चित्रपटात नेफ आणि फिलिस गुपचूप भेटतात ते लख्ख उजेडाच्या किराणा दुकानात, डब्यांच्या रांगांमध्ये.

दुसरा मुद्दा मागच्या आवाजाचा. व्हॉइसओव्हर हे ठिगळ म्हणून वापरणारे चित्रपट भरपूर आहेत, हे मी नाकारत नाही. न्वारला तो हवाच असंही नाही, १९४१ च्या 'द माल्टीज फाल्कन'मध्ये तो नाही. पण 'डबल इंडेम्निटी'त तो काढून बघा, चित्रपट उरणार नाही. सुरुवातीलाच जखमी नेफ रात्री ऑफिसात येतो, डिक्टाफोन या आवाज नोंदवणाऱ्या यंत्रापुढे बसतो आणि कबूल करतो: खून मी केला, पैशासाठी आणि एका बाईसाठी, पैसाही मिळाला नाही आणि बाईही नाही. म्हणजे शेवट आपल्याला पहिल्या काही मिनिटांत कळला. त्यानंतर पडद्यावरचा नेफ हसतो, फिलिसशी लाडिक बोलतो, आपण फार हुशार असल्याच्या थाटात वावरतो, आणि आवाजातल्या नेफला मात्र या सगळ्याचं काय झालं ते ठाऊक असतं. चेहरा एक सांगतो, आवाज दुसरं. खुनानंतर तो रस्त्याने चालतो तेव्हा चित्रात काहीच घडत नाही, एक माणूस चालतोय इतकंच. आवाज सांगतो की त्याला स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येत नव्हता, ती मेलेल्या माणसाची चाल होती. हे चित्राने कसं दाखवणार?

शिवाय तो आवाज आपल्याशी बोलतच नाही. तो कीजसाठी आहे, दाव्यांची छाननी करणाऱ्या नेफच्या वरिष्ठ सहकाऱ्यासाठी. खोटे दावे हुंगून काढणारा कीज हा नेफला मनापासून मानणारा माणूस. पोलिसांकडे न जाता नेफ त्याच्या नावाने कबुली नोंदवतो, यातच त्या दोघांचं नातं कळतं.

तिसरा मुद्दा मला सर्वांत हानिकारक वाटतो, कारण तो वाचून पालक मुलांना असले चित्रपट बघू देणार नाहीत. तेव्हा हॉलिवूडवर प्रॉडक्शन कोडचं बंधन होतं. गुन्हा आकर्षक करून दाखवायचा नाही, गुन्हेगार सुटता कामा नये, असा नियमच होता. याच कथेवर तो कोड राबवणाऱ्या कार्यालयाने आधी हरकत घेतली होती आणि त्यात काही वर्षं गेली. वाइल्डरने तर नेफला गॅस चेंबरमध्ये देहदंड होतो तो शेवटही चित्रित केला आणि मग स्वतःच कापला, कारण नेफ आणि कीज यांच्यातला आधीचा प्रसंग त्याला पुरेसा वाटला.

नायक धूसर असणं म्हणजे काय ते एका जागी बघा. मृतदेह रेल्वे रुळांवर ठेवून दोघं गाडीत येऊन बसतात. फिलिस किल्ली फिरवते, गाडी सुरू होत नाही. पुन्हा फिरवते, पुन्हा नाही. दोघं एकमेकांकडे बघतात. आणि त्या क्षणी आपण, घरात शांत बसलेले सरळमार्गी प्रेक्षक, मनात म्हणत असतो की सुरू हो बाई एकदाची. दोन खुनी निसटावेत अशी इच्छा आपल्याच पोटात उठते. याला उदात्तीकरण म्हणत नाहीत. नेफला पैशाची नड नाही, त्याच्यावर अन्यायही झालेला नाही. आपल्या धंद्यातल्या खाचाखोचा आपल्याइतक्या कुणाला कळत नाहीत, तर त्या यंत्रणेला चकवून दाखवू, एवढ्या मोहाने तो घसरतो. तो इतका ओळखीचा वाटतो, भीती त्याची आहे.

चौथ्या मुद्द्याला फार जागा देत नाही. फिल्टर रंग काढतो, प्रकाशाची दिशा बदलत नाही. ट्यूबलाइटखाली घेतलेलं दृश्य कृष्णधवल केलं तर सपाट पांढऱ्या चेहऱ्यांऐवजी सपाट राखाडी चेहरे मिळतात. भाचीला मी हे सांगितलं: आधी खोलीतले सगळे दिवे घालव. एकच कडक दिवा घे, छोट्या तोंडाचा, आणि तो लांब ठेव. पसरट सॉफ्टबॉक्स किंवा कागद लावलेला दिवा घेतलास तर सावलीची कड विरघळते. पट्ट्यांचा पडदा नसेल तर पुठ्ठ्यात समांतर फटी काप आणि तो दिव्यापेक्षा भिंतीजवळ धर. जितका भिंतीजवळ, तितकी रेघ धारदार. आपल्या फ्लॅटच्या भिंती पांढऱ्या असतात, त्या उजेड परत फेकतात आणि तुझ्या नकळत भरणीचा दिवा होतात, म्हणून चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला, चौकटीबाहेर, काळी चादर टांग. आणि मोबाइल स्वतःहून सावल्या उजळवतो. बहुतेक फोनवर चेहऱ्याच्या उजळ बाजूवर बोट दाबून धरलं की एक्स्पोजर लॉक होतं, मग ते खाली ओढ. गालाची उजळ बाजू नीट दिसते आणि दुसऱ्या बाजूचा कान दिसत नाही, इतकं झालं की थांब. कान दिसत असेल तर चादर आणखी जवळ आण.

दिवा मात्र भाड्याने आणायचाच आहे. एकच आणला तरी चालेल.